एका गोळीने दम कोंडला, पण ॲलर्जीच्या चाचणीत काहीच सापडले नाही: नाकातील पॉलिप, दमा आणि वेदनाशामके

अंत्रुजवासी (फोंडा)
सर्वांना नमस्कार. मी त्रेचाळीस वर्षांचा माध्यमिक शिक्षक आहे. विषय थोडा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

२०१८ च्या पावसाळ्यात मला सर्दी झाली. ती चवथीपर्यंत बरी होईल असे सगळे म्हणत होते, पण खरे सांगायचे तर ती आजतागायत गेलेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात घरात कापा फणस पिकून दोन दिवस पडून होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. घरच्यांनी थट्टा केली, पण माझा वास पूर्णपणे गेला आहे हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले. २०२० मध्ये दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप निघाले आणि दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. वर्षभरात दमा सुरू झाला, जो मला लहानपणी कधीच नव्हता. पॉलिप पुन्हा वाढले, म्हणून २०२३ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली.

आता मूळ घटना सांगतो. यंदा मार्चमध्ये अक्कलदाढ दुखत होती, म्हणून जवळच्या फार्मसीतून आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी आणली आणि रात्री नऊच्या सुमारास जेवणानंतर घेतली. साधारण चाळीस मिनिटांनी नळ सोडल्यासारखे नाक वाहू लागले, मग ते गच्च बंद झाले, डोळे आणि चेहरा लाल झाला, आणि दहा वाजता माझ्याने एक वाक्य पुरे बोलवेना. पंपाचे आठ झोत घेऊनही फरक पडला नाही. १०८ ची गाडी बोलवावी लागली आणि दोन दिवस प्राणवायूवर राहिलो.

घरी सोडताना जो कागद मिळाला त्यावर ‘पॅरासिटामॉलची ॲलर्जी?’ असे प्रश्नचिन्हासह लिहिले आहे. नंतर एका ठिकाणी त्वचेवर टोचून करायची ॲलर्जीची चाचणी केली, तीत धुळीतील किडे निघाले, औषध एकही निघाले नाही. २०१७ पर्यंत हीच गोळी मी डोकेदुखीसाठी कितीतरी वेळा घेतली होती. मग हे नेमके काय झाले? दाढ अजून काढायची आहे. तेव्हा दुखल्यास मी काय घ्यावे, हा माझा खरा प्रश्न आहे.

म्हापशेकर_गुरुजी
यात न समजण्यासारखे काय आहे? दमा असलेल्या कोणत्याही माणसाने वेदनाशामक गोळी घेऊ नये, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा आणि दाढेत लवंग धरा.

औषधवाला_डिचोली
गुरुजी, तसा सरसकट नियम लावला तर माझे निम्मे गिऱ्हाईक बिनऔषधाचे परत जाईल. दमेकरी माणसे आयबुप्रोफेन घेतात आणि बहुतेकांना काहीही होत नाही. अंत्रुजवासी यांना ॲलर्जी आहे, एवढेच यातून दिसते. चाचणीत ती निघाली नाही याचा अर्थ चाचणी नीट झाली नाही, ती दुसऱ्या चांगल्या प्रयोगशाळेत पुन्हा करून घ्यावी. तोपर्यंत ॲसिक्लोफेनॅक घ्यायला हरकत नाही, ते दम्याच्या लोकांना चालते.

भूलतज्ज्ञ_मडगाव
मी चौतीस वर्षे भूल देण्याचे काम केले आणि आता निवृत्त आहे. औषधवाल्या बाबांचे पहिले वाक्य बरोबर आहे. बाकीच्याकडे नंतर येतो, आणि ॲसिक्लोफेनॅक मात्र कृपया कोणी लगेच घेऊ नये.

अंत्रुजवासी, मला आधी तीन गोष्टी सांगा. मार्चच्या आधी, पण पॉलिप झाल्यानंतर, तुम्ही दुसरे कोणते वेदनाशामक किंवा इंजेक्शन घेतले होते का, आणि त्यानंतरच्या दोनतीन तासांत काय झाले होते? दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर दुखण्यासाठी काय दिले होते? आणि मद्य घेत असाल, तर त्याने नाकाला काही होते का?

पेडणेकर७०
डॉक्टर, गोव्याच्या माणसाला तिसरा प्रश्न सार्वजनिक ठिकाणी, तोही ऐन उर्राकाच्या दिवसांत विचारणे बरे नव्हे.

अंत्रुजवासी (फोंडा)
तुमचे प्रश्न वाचून मी जुनी फाईल काढून बसलो, आणि खरोखर थोडा हादरलो आहे.

२०२१ मध्ये घराला रंग काढताना पाठ धरली होती, तेव्हा एका दवाखान्यात डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन दिले होते. घरी येईपर्यंत नाक बंद झाले आणि ती पूर्ण रात्र मी खुर्चीत बसून काढली. भिंती घासल्याची धूळ छातीत गेली, असे मी, बायको आणि डॉक्टर या तिघांनीही मानले. ही गोष्ट मी कुणाला पुन्हा सांगितलीही नव्हती.

२०२३ च्या शस्त्रक्रियेनंतर पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदा असे चार दिवस दिल्याची नोंद आहे, आणि तेव्हा काहीही त्रास झाला नाही. तिसऱ्याचे उत्तर पेडणेकरांच्या परवानगीने देतो. मित्राच्या काजूच्या बागेत अर्धा पेला उर्राक घेतले की पंधरावीस मिनिटांत नाक चोंदते आणि कधीकधी छातीतही सूं सूं होते. बीअरनेही तसेच होते. मला वाटत होते की हे वयाचे लक्षण आहे.

भूलतज्ज्ञ_मडगाव
मग पॅरासिटामॉल निर्दोष आहे, निदान ६५० मिलिग्रॅमपर्यंत. तुमच्या कागदावर चुकीच्या आरोपीचे नाव लिहिले गेले आहे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकमेकांची भावंडे नाहीत, तरी दोघांनी एकाच शरीरात एकच प्रकार घडवला, हा इथला सर्वांत मोठा धागादोरा आहे. खऱ्या ॲलर्जीत शरीर एखाद्या रेणूचा आकार ओळखते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करते. इथे आकाराचा संबंध नाही. ही औषधे जे काम करतात, त्या कामाचाच हा परिणाम आहे. म्हणून त्वचेवर टोचा नाहीतर रक्त तपासा, काही सापडणार नाही, आणि प्रयोगशाळा बदलूनही सापडणार नाही.

ते काम कोणते, हे मी आपल्या खाजन शेतीच्या भाषेत सांगतो. पेशीच्या आवरणातून ॲराकिडॉनिक ॲसिड नावाचा एक मेदपदार्थ सुटतो. बांधाच्या आत आलेले पाणी दोन पोंयांत जावे, तसा तो दोन वाटांनी जातो. पहिल्या वाटेवर कॉक्स-१ हे विकर बसलेले असते आणि तिथून प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. दुसऱ्या वाटेवरून ल्युकोट्राइन तयार होतात, जी श्वासनलिका आवळतात, नाकाच्या अस्तराला सूज आणतात आणि चिकट स्राव वाढवतात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक ही सगळी औषधे पहिली वाट बंद करतात. दुखणे थांबते तेही त्यामुळेच.

पूर्वी असे सांगत असत की पहिली वाट बंद झाली म्हणून सगळे पाणी दुसरीकडे वळले. हे चित्र अर्धवट आहे. पहिल्या वाटेवर तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे दुसऱ्या वाटेच्या मानशीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दारावर, बसलेल्या राखणदारासारखे काम करते, म्हणजे ल्युकोट्राइनचे दार ते दाबून धरते. पहिली वाट बंद झाली की राखणदाराचा पगार बंद होतो, तो उठून जातो, आणि दार सताड उघडते.

तिसवाडीकार
डॉक्टर, चित्र छान आहे, पण मला एक शंका आहे. मी परवाच गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन घेतले. म्हणजे माझाही राखणदार उठून गेला असणार. मग मला का काही झाले नाही?

भूलतज्ज्ञ_मडगाव
प्रश्न अगदी योग्य आहे, आणि आजाराचे मर्म त्यातच आहे. तुमच्या दाराआड पाणी फारसे तुंबलेले नाही, म्हणून राखणदार गेला तरी काही बिघडत नाही. अंत्रुजवासींच्या नाकात आणि श्वासनलिकेत इओसिनोफिल आणि मास्ट या सूज आणणाऱ्या पेशींची गर्दी असते, आणि ल्युकोट्राइनचा शेवटचा टप्पा घडवणारे विकर त्यांच्यात मुबलक असते. शिवाय रक्तातील प्लेटलेट पांढऱ्या पेशींना चिकटून त्यांना ल्युकोट्राइन बनवायला हातभार लावतात. त्यातच प्रोस्टाग्लँडिन ई-२ मुळातच कमी तयार होते. म्हणजे दारावर दाब प्रचंड आणि राखणदार अर्धपोटी, अशी रोजची अवस्था असते. गोळी घेतली नाही तरी पॉलिप वाढतच राहतात ते यामुळेच, आणि फक्त गोळ्या टाळून हा आजार बरा होत नाही तेही यामुळेच.

ही अवस्था जन्मजात नसते, ती बहुधा तिशी-चाळिशीच्या आसपास तयार होते. क्रमही पुष्कळदा अंत्रुजवासींनी लिहिला तसाच असतो: न जाणारी सर्दी, गेलेला वास, पॉलिप, दमा, आणि मग एके दिवशी गोळी. म्हणून २०१७ पर्यंत तीच गोळी सोसली, यात विसंगती काहीच नाही.

तिसवाडीकार
समाधान झाले. वाचता वाचता एक मजेशीर दुवा लक्षात आला. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन ही त्रयी १९२२ मध्ये पॅरिसच्या फर्नांद विडाल यांनी पहिल्यांदा एकत्र वर्णन केली. टायफॉईडच्या संशयाने आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी केलेली ‘विडाल टेस्ट’ याच गृहस्थांची आहे. पण जगभर नाव झाले ते १९६८ मध्ये यावर लिहिणाऱ्या सॅम्टर यांचे. फ्रान्समध्ये मात्र या त्रयीला अजून विडाल यांचेच नाव आहे. ॲस्पिरिन नेमके काय बंद करते हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले, आणि तो धागा पकडून पोलंडच्या श्चेक्लिक यांनी १९७५ मध्ये मांडले की जे औषध हे विकर जितके जोरात बंद करते तितके ते या रुग्णांना जास्त बाधते. म्हणजे रोग आधी सापडला आणि त्याचे कारण पन्नास वर्षांनी.

शांता_काणकोण
माझ्या वडिलांना हृदयात स्टेंट घातला आहे आणि ते सहा वर्षांपासून रोज ॲस्पिरिन ७५ घेतात. त्यांना जुना दमाही आहे. हे सगळे वाचून मी आज सकाळची त्यांची गोळी काढून ठेवली आहे. योग्य केले ना?

भूलतज्ज्ञ_मडगाव
शांताबाय, ती गोळी कृपया आत्ताच त्यांना द्या. स्टेंट असलेल्या माणसाची ॲस्पिरिन स्वतःहून थांबवणे हा या धाग्यातील कोणत्याही धोक्यापेक्षा मोठा धोका आहे. प्रौढ दमेकऱ्यांत हा आजार साधारण शंभरात सात जणांना असतो, आणि दमा तीव्र असेल तर पंधरा जणांना. म्हणजे बहुसंख्यांना तो नसतोच. त्यांच्या नाकात पॉलिप आहेत का?

शांता_काणकोण
नाहीत. सर्दीही नसते. गोळी दिली. ते म्हणाले की ‘आंतरजालावर वाचून मला मारायला निघालीस काय’.

भूलतज्ज्ञ_मडगाव
त्यांना माझा नमस्कार सांगा. एक बारीक मुद्दा मात्र नोंदवून ठेवतो. पॉलिप असलेला एखादा रुग्ण रोज ॲस्पिरिन घेत असेल, तर त्या रोजच्या सवयीमुळेच त्याचा आजार झाकलेला असू शकतो. कुठल्याशा शस्त्रक्रियेसाठी आठवडाभर गोळी थांबवली आणि पुन्हा सुरू केली, की पहिला झटका येतो. तुमच्या वडिलांना हे लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाला असू शकेल.

आता औषधवाल्या बाबांच्या ॲसिक्लोफेनॅककडे वळतो. ते कॉक्स-१ च्या भावंडाकडे, म्हणजे सूज आणि दुखणे वाढवणाऱ्या कॉक्स-२ या विकराकडे जास्त झुकते हे खरे, पण कॉक्स-१ लाही पुरेसे बंद करते, म्हणून या रुग्णांना ते देऊ नये. नायमेसुलाइडचे तसेच आहे. पुष्कळांना ते थोड्या मात्रेत चालते, काहींना चालत नाही, आणि तुम्ही कोणत्या गटात आहात हे घरी बसून शोधायचे नसते. खऱ्या अर्थाने निवडक कॉक्स-२ औषधे म्हणजे सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब. ती पहिली वाट जवळजवळ मोकळी ठेवतात आणि बहुतेक सर्व रुग्ण ती सहन करतात. तरीही पहिली मात्रा दवाखान्यात घेऊन दोनतीन तास तिथेच थांबावे.

औषधवाला_डिचोली
मान्य. ॲसिक्लोफेनॅक दम्याला चालते असे मला एका वैद्यकीय प्रतिनिधीने वीसएक वर्षांपूर्वी सांगितले होते आणि ते मी आजवर पुढे सांगत आलो. माझ्या काउंटरवरची एक अडचणही इथेच मांडतो. गिऱ्हाईक ‘अंगदुखीची गोळी’ मागते, आणि त्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत फक्त कंपनीने ठेवलेले नाव असते. आतला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक हा शब्द पाठीमागे मुंगीच्या पायाएवढा छापलेला असतो, आणि पट्टी कापून चार गोळ्या दिल्या की तोही गिऱ्हाइकाकडे जात नाही. अंत्रुजवासींसारख्याने माझ्याकडे येऊन आपल्याला कोणते औषध बाधते ते सांगितले तरच मला कळणार.

भूलतज्ज्ञ_मडगाव
म्हणूनच खिशातल्या चिठ्ठीवर ‘पेनकिलरची ॲलर्जी’ असे लिहू नये. त्यातून अपघात विभागातील तरुण डॉक्टरला काहीच बोध होत नाही, आणि तो पॅरासिटामॉलही देईनासा होतो. ‘नाकात पॉलिप आणि दमा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक आणि त्या वर्गातील सर्व औषधांनी दम्याचा तीव्र झटका येतो. पॅरासिटामॉल ६५० सोसते’ असे लिहावे. छातीत दुखून रुग्ण आला की पहिल्या पाच मिनिटांत ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावायला देतात, आणि ते बरोबरच असते. अशा वेळी ही चिठ्ठी पाहून क्लोपिडोग्रेलसारखे दुसरे औषध निवडता येते, कारण ते कॉक्स-१ च्या वाटेला जातच नाही.

पॅरासिटामॉलबद्दलही एक इशारा देतो. ते कॉक्स-१ ला अगदी हलकेच दाबते, म्हणून ५००-६५० पर्यंत सहसा काही होत नाही. पण एका वेळी १००० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिल्यास या रुग्णांपैकी काहींना त्रास होतो. तो बहुधा सौम्य असतो, पण होतो. रुग्णालयात शिरेतून चढवायच्या पॅरासिटामॉलची बाटली नेमकी १ ग्रॅमची असते, हे लक्षात असू द्या.

माशेलची_सुलभा
मी दोन दिवस हा धागा नुसता वाचत होते, आता लिहिते. मला हाच आजार आहे, वय एक्कावन्न, आणि मी रोज दोन वेळा ॲस्पिरिन घेते. वाचून दचकू नका.

माझ्या तीन शस्त्रक्रिया झाल्या. प्रत्येक वेळी वर्षदीड वर्षात पॉलिप परत यायचे. तिसऱ्या वेळी महाराष्ट्रातील एका मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर चार आठवड्यांनी मला पुन्हा दाखल करून घेतले. दमा आधी पूर्ण आटोक्यात आणला होता, ल्युकोट्राइनला अडवणारे माँटेलुकास्ट सुरू होते, आणि फुंकण्याची चाचणी समाधानकारक आल्यावरच सुरुवात केली. पहिली मात्रा ४० मिलिग्रॅमच्या आसपास होती, म्हणजे लहान गोळीचा अर्धा तुकडा. दर मात्रेनंतर तीन तास वाट पाहायची, आणि मध्ये मध्ये नळीत फुंकायचे. ८० च्या मात्रेनंतर तासाभरात माझे नाक वाहू लागले, डोळे लाल झाले आणि फुंकण्याचा आकडा पाचव्या हिश्शाने खाली आला. मी घाबरून आता थांबवतील म्हणून पाहत होते, पण डॉक्टर चक्क खूश झाले. त्यांनी नेब्युलायझरने मला सावरले आणि मी बरी झाल्यावर पुन्हा तेच ८० दिले. या वेळी काहीच झाले नाही. मग १६०, मग ३२५. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पूर्ण गोळी घेऊन खिडकीत बसून चहा पीत होते.

सुरुवातीला ६५० दिवसातून दोनदा असे होते, आता ३२५ दोनदा आहे. चार वर्षे झाली, पॉलिप परतलेले नाहीत. पाचव्या आठवड्यात परसातल्या जायांचा वास आला तेव्हा मी चुलीवरचे दूध तसेच सोडून अंगणात गेले होते.

म्हापशेकर_गुरुजी
ज्या विषाने मरणे, तेच औषध? डॉक्टर, हे तुमच्या मानशीच्या चित्रात कसे बसते?

भूलतज्ज्ञ_मडगाव
गुरुजी, पूर्ण बसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. एक झटका येऊन गेला की दोनतीन दिवस शरीर पुन्हा तसे उसळत नाही, हे निश्चित माहीत आहे. त्या मुदतीत रोज औषध चालू ठेवले की ती शांतता टिकते. मास्ट पेशींचा साठा रिता होतो, ल्युकोट्राइनला प्रतिसाद देणारी दारे कमी होतात, अशी स्पष्टीकरणे दिली जातात, आणि प्रत्येकात काही तथ्य आहे. पण सगळे मिळून एक कथा अजून कोणी सांगितलेली नाही.

वाचकांनी यातून घरी अर्धी गोळी तोडून प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको. सुलभाताईंना ८० वर जे झाले ते त्यांच्या उशाशी प्राणवायू आणि नेब्युलायझर असताना झाले.

पेडणेकर७०
सुलभाताई, एखादे दिवशी गोळी घ्यायची राहिली तर?

माशेलची_सुलभा
एक दिवस चालते. दोन दिवसांच्या वर गेले तर घरी पुन्हा सुरू करायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा, अशी ताकीद आहे. गेल्या वर्षी सांज्यांवच्या दिवशी पाहुणे आले आणि माझ्या तीन गोळ्या चुकल्या, तेव्हा तास मोजत बसले होते. आणखी एक खरे सांगते, हे फुकटचे सुख नाही. पहिल्या वर्षी पोटात जळजळ इतकी व्हायची की गोळी सोडावी असे दोनदा वाटले. पोटासाठी वेगळी गोळी रोज घ्यावी लागते, आणि हातापायांवर काळेनिळे डाग सहज उठतात.

हळदोण्याची_मीरा
मला वाटते की आहाराचा विचार कोणीच केला नाही. ॲस्पिरिन म्हणजे सॅलिसिलेट, आणि सॅलिसिलेट टोमॅटो, मसाले, चहा, फळे या सगळ्यांत असते. माझ्या नणंदेला हाच त्रास आहे, तिने हे सगळे सोडले आणि तिचे नाक पुष्कळ मोकळे झाले.

भूलतज्ज्ञ_मडगाव
मीराताई, ॲस्पिरिन कॉक्स-१ ला कायमचे बंद करते ते तिच्यावर असलेल्या ॲसिटिल गटामुळे. भाजीपाल्यातील सॅलिसिलेटवर तो गट नसतो आणि तो कॉक्स-१ ला फारसा हात लावत नाही. त्यामुळे टोमॅटोच्या साराने झटका येईल असे मला वाटत नाही.

हळदोण्याची_मीरा
तुमचे शास्त्र मला मान्य आहे, पण नणंदेचे नाकही मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिने त्याच काळात घरगुती माडाची सोरो आणि बीअरही सोडली होती, हे आता लिहिताना आठवते आहे.

पेडणेकर७०
हा तपशील मुख्य साक्षीपुराव्यात लपवून ठेवला होता तर.

भूलतज्ज्ञ_मडगाव
तो तपशील महत्त्वाचा आहे. या आजाराच्या रुग्णांपैकी बहुसंख्यांना थोड्या मद्यानेही नाक चोंदण्याचा त्रास होतो, म्हणूनच मी सुरुवातीला तो प्रश्न विचारला होता. नणंदेला टोमॅटोने बरे वाटले की बीअर सोडल्याने, हे वेगळे करण्यासाठी एकेक वस्तू परत सुरू करून पाहावी लागेल. टोमॅटोपासून सुरुवात करावी.

अंत्रुजवासी (फोंडा)
पाच आठवड्यांनी परत येत आहे. तुम्ही सर्वांनी विचारलेले आणि सांगितलेले मी एका पानावर उतरवून छातीच्या डॉक्टरांकडे नेले. २०२१ चे इंजेक्शन, मार्चची गोळी, दोन्ही वेळचा तासाभरातला अवधी, पॉलिप आणि उर्राक हे वाचून त्यांनी निदानासाठी ॲस्पिरिन देऊन पाहण्याची गरज नाही असे सांगितले. प्राणवायू लागेपर्यंतचा झटका नोंदलेला असताना तो मुद्दाम पुन्हा आणायचा कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले. कागदावरील पॅरासिटामॉल खोडून तिथे योग्य नावे लिहिली आहेत.

दाढेसाठी त्यांनी एटोरिकॉक्सिब ६० त्यांच्यासमोर घ्यायला लावली. सकाळी फुंकण्याचा आकडा ४३० होता, एका तासाने ४२०, तीन तासांनी ४३०. नाकातून एक थेंब आला नाही, पण त्या तीन तासांत मी घड्याळाकडे जितक्या वेळा पाहिले तितके परीक्षेच्या देखरेखीलाही पाहत नाही. मंगळवारी दाढ काढली. रात्री एक एटोरिकॉक्सिब आणि दुसऱ्या दिवशी दोन वेळा पॅरासिटामॉल ६५०, एवढ्यात भागले.

सुलभाताईंच्या वाटेने जायचे की नाही, हे मात्र अडले आहे. मला २०१५ मध्ये पोटात अल्सर होऊन रक्तस्राव झाला होता. त्यामुळे रोजची ॲस्पिरिन द्यायला पोटाचे डॉक्टर तयार नाहीत, आणि पॉलिप पाहता ती द्यावी असे नाकाच्या डॉक्टरांना वाटते. छातीचे डॉक्टर एका महागड्या इंजेक्शनबद्दल बोलत आहेत, ज्याने इओसिनोफिलची सूज उतरते. तूर्त स्टेरॉइडच्या पाण्याने दोन वेळा नाक धुणे आणि माँटेलुकास्ट चालू आहे.

माशेलची_सुलभा
अल्सरमधून रक्त गेले असेल तर मी तुमच्या जागी पोटाच्या डॉक्टरांचे ऐकेन. आणि माँटेलुकास्टवर झोप बिघडली किंवा मन उगीच उदास वाटू लागले तर घरच्यांना सांगून ठेवा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. मला पहिल्या महिन्यात फार विचित्र स्वप्ने पडायची.

साखळीकर_दत्ता
मी या धाग्यावर नवीन आहे. गोळ्यांबद्दल बरेच वाचले, माझा प्रश्न गोळीचा नाही. माझ्या थोरल्या भावाला पॉलिप आणि दमा दोन्ही आहेत. दहा दिवसांपूर्वी त्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर रोज रात्री झोपण्यापूर्वी डोळ्यांत थेंब घातले की तासाभरात त्याला खोकला लागतो आणि छाती वाजते. घरचे म्हणतात की पंख्याचा वारा लागतो. डोळ्यातील थेंब छातीपर्यंत जाऊ शकतो का?

भूलतज्ज्ञ_मडगाव
जातो. डोळ्यातील थेंब अश्रूंच्या नळीने नाकात उतरतो आणि तिथून रक्तात शोषला जातो. मोतीबिंदूनंतर सूज कमी करण्यासाठी बरेचदा केटोरोलॅकचे थेंब देतात, आणि अशा थेंबांनी दम्याचा तीव्र झटका आल्याच्या नोंदी आहेत. दत्ताबाब, बाटली उजेडात धरून बारीक अक्षरांतले औषधाचे नाव वाचा. एकापेक्षा जास्त बाटल्या असतील तर सगळ्यांची वाचा. तेच नाव निघाले तर आजचा थेंब घालण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा. ते दुसरे औषध देतील, पण बाकीचे थेंब स्वतःहून बंद करू नका, शस्त्रक्रियेला दहाच दिवस झाले आहेत. आणि पंप त्याच्या उशाशी ठेवा.

साखळीकर_दत्ता
दोन बाटल्या आहेत. एकीवर मॉक्सिफ्लॉक्सासिन आहे. दुसरीवरचे लेबल थेंब गळून पुसट झाले आहे, पण मुलाने मोबाईलने फोटो काढून मोठा करून पाहिला. केटोरोलॅकच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावत आहे.